ब्रशवरचं रक्त आणि सहाव्या महिन्यातली दाढदुखी

तिसरा महिना लागतो, मळमळ जरा कमी होते आणि एका सकाळी बेसिनमध्ये थुंकलेला फेस गुलाबी दिसतो. गरोदर बाई घाबरते. ब्रश टोचला असेल, असं वाटून दुसऱ्या दिवशी ती हात हलका ठेवते, तिसऱ्या दिवशी ब्रश बाजूला ठेवून बोटाने पावडर लावते. घरातलं कुणी सांगतं, "हिरड्या नाजूक झाल्यात, ब्रश लावूच नकोस." आठवडाभरात रक्त थांबायच्या ऐवजी वाढतं. आता पेरू खाल्ला तरी फोडीवर लाल डाग उमटतो.

दाताच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या गरोदर बायकांची ही सर्वांत नेहमीची तक्रार. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार 60 ते 75 टक्के गरोदर स्त्रियांच्या हिरड्यांना अशी सूज येते. ब्रश बंद केल्यावर रक्त का वाढतं, हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर दिवसभरात एक मऊ, चिकट, पांढुरका थर साचतो. नखाने खरवडला तर निघतो. त्याला कीटण म्हणतात, आणि तो जिवाणूंचा बनलेला असतो. एरवी थोडंफार कीटण हिरडी सोसते. गरोदरपणात मात्र प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं शरीरात कितीतरी पटींनी वाढतात. त्यामुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरू लागतो आणि तेवढ्याच कीटणाला हिरडी पूर्वीपेक्षा खूप जोरात प्रतिसाद देते. हॅराल्ड लोए आणि जॉन सिल्नेस या नॉर्वेजियन दंतसंशोधकांनी 1963 साली गरोदर आणि बाळंत झालेल्या स्त्रियांच्या हिरड्या तपासून हे मांडलं. सूज दुसऱ्या महिन्यापासून दिसू लागते, आठव्या महिन्यात सर्वांत जास्त असते, नवव्यात उतरायला लागते. कीटण मात्र त्या प्रमाणात वाढलेलं नव्हतं. म्हणजे ती बाई दात कमी घासत होती असं नाही, तिची हिरडी जास्त चिडत होती.

आणखी एक गोष्ट 1980 साली केनेथ कॉर्नमन आणि वॉल्टर लोशे या अमेरिकी संशोधकांनी दाखवली. हिरडीच्या खाचेत राहणाऱ्या जिवाणूंपैकी एका जातीला वाढीसाठी के जीवनसत्त्वासारखं काहीतरी लागतं. गरोदरपणातली ही संप्रेरकं त्या जिवाणूला ती उणीव भरून देतात. हिरडीच्या कडेतून पाझरणाऱ्या द्रवात ती संप्रेरकं असतातच, म्हणजे त्याला आयतं खाद्य मिळतं आणि त्याची संख्या वाढते. या जातीचं आजचं नाव प्रिव्होटेला इंटरमीडिया.

संप्रेरकं कमी करणं कुणाच्या हातात नाही आणि ती कमी व्हायलाही नकोत. हातात आहे ते कीटण. म्हणून रक्त येतं त्याच जागी, मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेकडे थोडा तिरका धरून, दिवसातून दोनदा दोन मिनिटं घासायचं असतं. पहिले चार-पाच दिवस रक्त येतच राहील, कदाचित जास्तच वाटेल. कीटण निघत राहिलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी व्हायला लागतं. कमी झालंच नाही, तर बहुधा तिथे कीटण घट्ट होऊन दगडासारखा टार्टर बसलेला असतो. तो कुठल्याच ब्रशने निघत नाही, तो डॉक्टरांकडून स्केलिंग करून काढावा लागतो.

उलट्या होणाऱ्या बाईने मात्र एक काळजी घ्यायला हवी. उलटीबरोबर पोटातलं आम्ल दातांवर येतं आणि वरचं टणक कवच काही वेळ मऊ पडतं. तोंडाची चव घालवायला लगेच ब्रश केला तर तो मऊ थर घासून निघतो, विशेषतः वरच्या पुढच्या दातांचा टाळूकडचा भाग. त्याऐवजी कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने करावा. ब्रश तोंडात घातला की उबळ येत असेल, तर छोट्या डोक्याचा, लहान मुलांचा ब्रश वापरून पाहावा आणि सकाळऐवजी मळमळ कमी असेल त्या वेळी दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचं घासणं मात्र चुकवू नये.

महाराष्ट्रात मिशरीबद्दल वेगळं सांगायला हवं. अनेक घरांत बायका सकाळी मिशरी लावतात आणि गरोदरपणातही ती सुटत नाही. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावली की हिरड्या "आवळून येतात" असं सांगितलं जातं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडीतून येणारं रक्त खरंच कमी दिसू शकतं. आतला आजार तसाच चालू राहतो, फक्त रक्ताची खूण झाकली जाते. आणि तेच निकोटीन रक्तातून वारेपर्यंत जातं. तंबाखूमुळे बाळाचं वजन कमी भरतं, ही गोष्ट मिशरीलाही लागू आहे.

काहींना चौथ्या-पाचव्या महिन्यात दोन दातांमधल्या हिरडीतून लालभडक, मऊ गाठ वर आलेली दिसते. बहुतेकदा ती वरच्या पुढच्या दातांपाशी असते आणि जरा स्पर्श झाला की भळभळ रक्त येतं. इंग्रजी पुस्तकांत तिला 'प्रेग्नन्सी ट्यूमर' म्हणतात. 'ट्यूमर' हा शब्द ऐकून घरभर धास्ती पसरते, पण ही कर्करोगाची गाठ नाही. सुजलेल्या हिरडीची ती अती वाढ आहे. बाळंतपणानंतर ती सहसा आपोआप आक्रसते, म्हणून जेवताना अडथळा होत नसेल आणि रक्त थांबत असेल तर डॉक्टर तिला हात लावत नाहीत. गरोदरपणातच कापली तर ती पुन्हा उगवण्याची शक्यता बरीच असते. कापली तर मात्र ती तपासणीला पाठवावी.

रक्त येण्याचं कारण प्रत्येक वेळी हिरडीच असेल असं नाही. ब्रश न लावताच हिरड्यांतून रक्त झिरपत असेल, नाकातूनही येत असेल, अंगावर जांभळे ठिपके उठले असतील किंवा सोबत ताप असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन रक्तातल्या प्लेटलेट्स मोजून घ्यायच्या. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवावं. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईतही प्लेटलेट्स घसरू शकतात.

हिरडीचं दुखणं सहसा सोसवतं. दाढेचं सोसवत नाही, आणि खरी भीती तिथूनच सुरू होते. समजा, चोवीस आठवडे पूर्ण झालेली एक बाई आहे. दवाखान्यांत रोज भेटते तशी. खालची उजवी पहिली दाढ वर्षभरापासून किडलेली आहे, अन्न अडकायचं, काडीने काढायची. आता गार पाणी प्यायलं की कळ येते आणि पाच-दहा मिनिटं जात नाही. रात्री आडवं झाल्यावर ठणका लागतो. सासूबाई म्हणतात, "बाळंतपण होऊ दे, मग बघू. आता इंजेक्शन नको, एक्स-रे तर नकोच." नवरा मेडिकलमधून गोळी आणतो. तीन रात्री जातात आणि ठणका एकाएकी थांबतो. घरात सगळे निश्चिंत होतात.

तो ठणका बरं वाटून थांबलेला नसतो. दाढेच्या आतली नस मेलेली असते, म्हणून दुखणं कळत नाही. मेलेल्या नसेत जिवाणू वाढतात, मुळाच्या टोकाबाहेर हाडात उतरतात, आणि आठ-पंधरा दिवसांत गाल सुजतो. गरोदरपणात थांबून राहण्याची किंमत इथे मोजावी लागते: ताप, जेवण बंद, झोप नाही, आणि ज्या दाढेला साधं काम पुरलं असतं तिथे आता पू काढावा लागतो. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळताना त्रास व्हायला लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं, कारण ती सूज श्वासनलिकेवर दाब देऊ शकते. शिवाय "बाळंतपणानंतर" म्हणजे नेमकं कधी? आधी सव्वा महिना, मग रात्रीची जागरणं, मग बाळाला ठेवायला कुणी नाही. दाढ वर्षभर तशीच राहते.

हीच बाई ठणक्याच्या पहिल्या दिवशी खुर्चीवर येऊन बसली, तर काय होतं ते पाहू.

डॉक्टर पहिला प्रश्न महिन्यांचा विचारतात, दुसरा गोळ्यांचा. रक्तदाबाची औषधं चालू आहेत का, साखर वाढली आहे का, स्त्रीरोगतज्ज्ञांनी कमी मात्रेची ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली आहेत का. ही माहिती लपवू नये आणि दाढेसाठी ॲस्पिरिन आपल्या मनाने बंदही करू नये. रक्तस्राव कसा आटोक्यात ठेवायचा, याचं नियोजन डॉक्टरांना त्यावरून करता येतं. मग खुर्ची. वीस आठवड्यांनंतर पाठीवर सपाट झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बाईला घाम येऊन चक्कर येते. म्हणून खुर्ची पूर्ण आडवी करत नाहीत. उजव्या कुशीखाली छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल सारून शरीर थोडं डावीकडे कलतं ठेवतात. चक्कर आलीच तर डाव्या कुशीवर वळवलं की बाई सावरते. हे डॉक्टरांनी केलं नाही, तर रुग्णाने मागून घ्यावं.

यानंतर येतो एक्स-रे, ज्याच्या नावानेच अनेक बायका परत जातात. दाढेच्या एक्स-रेमध्ये किरणांचा झोत गालावरच्या दोन-तीन इंची गोलापुरता असतो. त्याची दिशा पोटाकडे नसते. गर्भापर्यंत पोहोचतात ते शरीरातून विखुरलेले किरण, आणि तेही जवळजवळ मोजता न येण्याइतके कमी. तुलनेसाठी एक साधा हिशेब घेता येईल. माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक माणसाला रोज थोडे किरण मिळतच असतात. जगाची सरासरी दिवसाला साधारण 6 ते 7 मायक्रोसिव्हर्ट. डिजिटल सेन्सरवर काढलेला एका दाढेचा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात आरव्हीजी म्हणतात, आईला साधारण तेवढेच किंवा त्याहून कमी किरण देतो. म्हणजे एक दिवस जगण्याइतके. गर्भाच्या वाट्याला त्यातलाही क्षुल्लक अंश येतो. गर्भाला इजा होण्याची भीती जिथून विचारात घेतली जाते, ती मात्रा 50 मिलिग्रे मानतात. दातांच्या एक्स-रेने गर्भाला मिळणारी मात्रा 0.01 मिलिग्रेपेक्षाही कमी, म्हणजे निदान पाच हजार पटींनी खाली असते.

ही तुलना पटायला केरळचा किनारा आठवावा. कोल्लम जिल्ह्यात चवरा-नीण्डकरा पट्ट्यातल्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. तिथल्या लोकांना इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त नैसर्गिक किरण आयुष्यभर मिळतात. तिथे जन्मलेल्या बाळांची वर्षानुवर्षं तपासणी झाली आहे आणि जन्मजात व्यंगांचं प्रमाण किरणांमुळे वाढलेलं आढळलेलं नाही.

शिशाच्या एप्रनबद्दलही मत बदलत आहे. 2013 साली अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दातांची तपासणी, उपचार, भूल आणि पोट व थायरॉइड झाकून काढलेले दातांचे एक्स-रे गरोदरपणात सुरक्षित असल्याचं सांगितलं. 2024 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळपट्टा वापरणं थांबवावं, अशी शिफारस केली. त्यामागचं कारण असं की झोत आता इतका आखीव असतो की त्यांचा उपयोग उरत नाही आणि ते मध्ये आले तर फोटो पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत एप्रन असतोच. छोट्या एक्स-रेला तो आड येत नसेल आणि अंगावर घेतल्याने बाईच्या मनाला धीर येत असेल, तर जरूर मागावा.

मर्यादाही सांगायला हवी. सुरक्षित म्हणजे हवे तेवढे काढावेत, असं नव्हे. वर्षाची नेहमीची तपासणी, वाकडे दात सरळ करण्याआधीचा फोटो, अक्कलदाढ कशी आहे हे सहज पाहणं, यांतलं काहीच नऊ महिन्यांत अडत नाही. ते नंतर होऊ शकतं. ज्या एक्स-रेवाचून आज उपचार आंधळेपणाने करावे लागतील, तो आज काढायचा.

आपल्या उदाहरणातल्या बाईला तो लागतो. फोटोत कीड नसेपर्यंत पोहोचलेली दिसते, मुळाच्या टोकाशी हाड अजून शाबूत आहे. डॉक्टर भूल देतात. भारतात दाढेसाठी नेहमी वापरतात ते दोन टक्क्यांचं लिग्नोकेन, त्यात किंचित ॲड्रिनालिन, 80 हजारांत एक भाग. ॲड्रिनालिनचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. ते रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे भूल दाढेपाशीच टिकते आणि आईच्या रक्तात हळूहळू उतरते. औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे पाहतात. रक्तदाब खूप वाढलेला असेल तर मात्र मात्रेचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घेतात. भुलीवाचून दाढ कोरली तर त्या कळेने बाईच्या शरीरात स्वतःचंच ॲड्रिनालिन त्याहून कितीतरी जास्त उसळतं.

दाढ बधिर झाली की वरून छिद्र पाडून आतली नस काढतात, मुळाच्या नळ्या धुतात, आत औषध भरतात आणि तात्पुरता लेप लावून बंद करतात. नळीची लांबी एपेक्स लोकेटर नावाच्या छोट्या यंत्राने विजेच्या मदतीने मोजता येते, त्यामुळे मधला एखादा एक्स-रे वाचतो. हे सगळं तासाभरात होतं. त्या रात्री ती झोपते.

औषधांच्या बाबतीत मात्र खरा सांभाळ लागतो, आणि नेमक्या याच ठिकाणी घरोघरी निष्काळजीपणा होतो. एक्स-रेला घाबरणारं घर मेडिकलमधून आणलेली गोळी बिनधास्त देतं. दातदुखीसाठी सहज मिळणाऱ्या पाकिटांत आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं, पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत किटोरोलॅक असतं. ही औषधं गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून बाळाभोवतीचं पाणी कमी करू शकतात. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये विसाव्या आठवड्यापासून ती टाळण्याचा इशारा दिला. तिसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याचाही धोका असतो. दुखण्यासाठी गरोदरपणात पहिली गोळी नुसत्या पॅरासिटामॉलची, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचून त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही, हे पाहून घ्यावं. प्रतिजैविक लागलंच तर अमॉक्सिसिलिन चालतं, डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन नाही, कारण गर्भात तयार होणाऱ्या दुधाच्या दातांवर त्यांचे डाग पडतात. आणि नुसत्या प्रतिजैविकाने किडलेली दाढ बरी होत नाही. मेलेल्या नसेत रक्तच पोहोचत नाही, तर औषध कसं पोहोचणार?

हे सगळं सुरक्षित आहे, हे कशावरून? गरोदर बायकांवर प्रयोग क्वचितच होतात, पण हा झाला. अमेरिकेतल्या चार केंद्रांवर हिरड्यांचा आजार असलेल्या 823 गरोदर स्त्रिया घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांची हिरड्यांखालपर्यंत सफाई 21 व्या आठवड्याच्या आत केली, उरलेल्यांची बाळंतपणानंतर. ब्रायन मिकालोविच आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध केले. उपचार झालेल्या गटात 12.0 टक्के बाळं वेळेआधी जन्मली, न झालेल्या गटात 12.8 टक्के. 2008 मध्ये याच स्त्रियांपैकी ज्यांच्या दातांत भरावं लागलं, दात काढावे लागले, भूल द्यावी लागली, त्यांची आकडेवारी वेगळी पाहिली. त्यांच्यातही वाईट घटना जास्त नव्हत्या.

त्या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. दातांच्या उपचारांनी गर्भाला इजा झाली नाही. पण हिरड्या साफ केल्याने वेळेआधीची बाळंतपणं टळलीही नाहीत. 1996 मध्ये स्टीव्हन ऑफेनबाकर यांनी हिरड्यांचा आजार आणि कमी दिवसांची बाळं यांचा संबंध दाखवल्यावर मोठी आशा निर्माण झाली होती. आजही "दात साफ करा, नाहीतर बाळ लवकर होईल" असं कुणी गरोदर बाईला घाबरवून सांगत असेल, तर त्याला पुरावा नाही. उपचार तिच्यासाठी करायचे आहेत. तिचं दुखणं, तिची झोप, तिचं जेवण यांच्यासाठी.

सोयीचा काळ चौथ्या ते सहाव्या महिन्याचा. तेव्हा मळमळ ओसरलेली असते आणि पोटही फार वाढलेलं नसतं, म्हणून स्केलिंग किंवा दातात भरणं तेव्हा उरकून घ्यावं. ठणका, सूज, पू यांना मात्र महिना पाहायचा नसतो, पहिल्या महिन्यातही आणि नवव्यातही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ही कामं कमी खर्चात होतात. जाताना गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड सोबत न्यावं, म्हणजे महिने, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन डॉक्टरांना एका नजरेत दिसतात.

उदाहरणातल्या बाईच्या दाढेत डॉक्टर पुढच्या खेपेला कायमचं मसाला भरतात. तोपर्यंत सातवा महिना लागलेला असतो आणि घरात डोहाळजेवणाची तयारी सुरू असते. दाढ आतून पोकळ झालेली असल्याने तिच्यावर कॅप हवी, नाहीतर सुपारी चावताना ती उभी चिरते. पण कॅप घाईची नाही. ती बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर बसवतात. त्या वेळी डॉक्टर हिरड्याही पुन्हा पाहतात. बाळंतपणानंतर एवढे दिवस उलटूनही त्या लाल आणि सुजलेल्या असतील, तर दोष संप्रेरकांचा उरलेला नसतो. मग हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत खुणा कोरलेली बारीक सळई घालून खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त भरली आणि रक्तही आलं, तर मुळाभोवतीचं हाड झिजलं आहे का, हे पाहायला पुन्हा एक्स-रे काढतात.